ऑफिसला कोणता सुगंध लावून जावा?

मॉलमधल्या परफ्यूमच्या काउंटरवर एकाच नावाच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. एकीवर ओ द टॉयलेट लिहिलेलं असतं, दुसरीवर ओ द पार्फम. विक्रेते त्यांना ईडीटी आणि ईडीपी म्हणतात. पलीकडच्या रॅकवर मोठ्या, स्वस्त बाटल्यांमध्ये बॉडी मिस्ट असतो. रोज ऑफिसला लावायला यातलं काय घ्यावं असं विचारलं, की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: ‘ईडीपी घ्या, जास्त टिकतं.’ ते खरं आहे, पण अर्धंच. सकाळी सात वाजता फवारलेला सुगंध अकरा वाजता मीटिंगच्या खोलीत कोणत्या रूपात उरलेला असेल, हे ऑफिससाठी त्याहून महत्त्वाचं आहे.

तिन्हींमध्ये मुख्य फरक आहे तो सुगंधी अर्काच्या प्रमाणाचा. बाकीचा बराचसा भाग अल्कोहोल आणि पाणी असतो. ढोबळमानाने ईडीपीमध्ये अर्क 15 ते 20 टक्के असतो, ईडीटीमध्ये 5 ते 15 टक्के आणि बॉडी मिस्टमध्ये जेमतेम 1 ते 3 टक्के. ईडीपी सहा ते आठ तास जाणवतं, ईडीटी तीन ते पाच तास, आणि मिस्ट तास-दोन तासांत विरतो. हे आकडे म्हणजे उद्योगातला प्रघात, काटेकोर नियम नव्हे. त्यामुळे एका कंपनीचं ईडीटी दुसरीच्या ईडीपीपेक्षा जास्त वेळ टिकलं, तर त्यात नवल नाही.

ईडीटी म्हणजे ईडीपीच, फक्त पातळ केलेलं, असा एक समज आहे. तो अनेकदा चुकतो. दिओरचं ‘सोवाज’ 2015मध्ये ईडीटी म्हणून आलं आणि 2018मध्ये त्याचं ईडीपी निघालं. दोन्ही फ्रान्स्वा दमाशी यांनीच रचलेली, तरी पहिल्यात बर्गमॉटचा लिंबूवर्गीय ताजेपणा पुढे येतो, तर दुसऱ्यात व्हॅनिलाची ऊब अधिक जाणवते. शनेलचं ‘नंबर 5’ 1921चं, पण त्याचं आज मिळणारं ईडीपी जाक पोल्ज यांनी 1986मध्ये नव्याने बांधलं. म्हणून ईडीटी आवडलं, तर त्याच नावाचं ईडीपी न हुंगता मागवू नये. घरी येईल तो वेगळाच सुगंध असू शकतो.

सुगंध त्वचेवरून एका दमात उडत नाही, थरांनी उडतो. लिंबू, संत्रं, बर्गमॉट यांचे रेणू हलके असतात. ते पहिल्या पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासात निघून जातात. मग गुलाब, मोगरा, लव्हेंडर अशी फुलं पुढे येतात. सर्वांत शेवटी चंदन, व्हॅनिला, कस्तुरीसारखे जड गंध उरतात, तेही त्वचेला लगटून. ईडीटीचा भर बहुधा पहिल्या हलक्या थरावर असतो, ईडीपीचा मधल्या आणि शेवटच्या थरावर. दोन्ही सर्वांत जोरात दरवळतात ते मात्र फवारल्यानंतरच्या अर्ध्या तासात.

नेमका हाच अर्धा तास मुंबईकरांच्या वाट्याला लोकलमध्ये येतो. समजा, डोंबिवलीत राहणारी एक तरुणी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसात काम करते. साडेसातला ईडीपीचे चार फवारे मारून ती लगेच निघाली, तर फलाटापासून कुर्ल्यापर्यंत तिच्या आजूबाजूच्या बायकांना तो दर्प सोसावा लागतो. काहींचं डोकं तीव्र वासाने खरोखर उठतं, अर्धशिशी असणाऱ्यांना तर विशेष. त्यात गर्दीतला उकाडा वास आणखी उठवतो. घाम आला की वर घाम आणि सुगंध यांचं मिश्रण होतं, ते वेगळंच.

तिच्यापुढे दोन चांगले मार्ग आहेत. आंघोळीनंतर अंग कोरडं करून, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून ईडीपीचे दोनच फवारे मारायचे, एक मानेखाली आणि एक कोपराच्या आतल्या बाजूला. मग डबा भरणं, चहा, आवराआवर यांत अर्धा तास जातो आणि दाराबाहेर पडेपर्यंत पहिला जोर ओसरलेला असतो. कोरड्या त्वचेवर सुगंध लवकर उडतो, म्हणून आधी मॉइश्चरायझर. दुसरा मार्ग म्हणजे घरून फक्त डिओ लावून निघायचं, ऑफिसात पोहोचल्यावर मान आणि हात पुसायचे आणि वॉशरूममध्येच ईडीटीचे दोन-तीन फवारे मारायचे. जेवणाच्या सुट्टीनंतर हवा तर आणखी एक. सुगंध टेबलाशी बसून कधीच फवारू नये. एसीच्या बंद मजल्यावर तीच हवा पुन्हा पुन्हा फिरते आणि शेजारच्या माणसाला उठून जाण्याची सोय नसते.

बॉडी मिस्टची जागा इथे मर्यादित आहे, पण खरी आहे. ज्यांच्या टीममध्ये कुणाला दमा किंवा वासाचा त्रास आहे, जे दवाखान्यात किंवा लहान मुलांच्या वर्गात काम करतात, त्यांच्यासाठी तासाभरात मावळणारा हलका गंध सोयीचा ठरतो. मात्र तो घाम थांबवत नाही आणि घामाचा वास झाकतही नाही. ते काम अँटिपर्स्पिरंट आणि डिओचं.

किमतीचा हिशेबही वरवर दिसतो तसा नसतो. समजा, 100 मिलीचं ईडीपी 3000 रुपयांना आहे. एका फवाऱ्यात साधारण 0.1 मिली द्रव निघतो, म्हणजे रोज दोन फवाऱ्यांना 0.2 मिली लागतं. बाटली 500 दिवस पुरते आणि दिवसाला 6 रुपये पडतात. 200 मिलीचा मिस्ट 600 रुपयांना मिळाला आणि दिवसातून दोनदा, दर वेळी दहा फवारे मारले, तर याच मापाने रोज 2 मिली संपतं. बाटली 100 दिवसांत रिकामी होते आणि खर्च तोच, दिवसाला 6 रुपये. दिवसभर वास हवा म्हणून मिस्ट घेणाऱ्यांची बचत अशी हातातून निसटते.

फवारे वाढत जाण्याचं एक कारण नाकातच आहे. सतत येणाऱ्या वासाची नाकाला सवय होते आणि लावणाऱ्याला तो येईनासा होतो, इतरांना मात्र येत राहतो. ‘माझं परफ्यूम टिकतच नाही’ ही तक्रार त्यामुळे पुष्कळदा चुकीची असते. खात्री करायची असेल तर दुपारी विश्वासातल्या सहकाऱ्याला विचारावं. हात लांब केल्यावर जेवढं अंतर होतं, त्याच्या आतच वास येत असेल तर प्रमाण बरोबर. ती व्यक्ती खुर्चीशी येण्याआधीच वास पोहोचत असेल, तर उद्यापासून एक फवारा कमी करावा.

खरेदीच्या वेळी कागदाच्या पट्टीवर निर्णय घेऊ नये, कारण पट्टीवर त्वचेची ऊब नसते. कोपराच्या आत एक फवारा मारून दुकानातून बाहेर पडावं आणि दिवसभर तो वास पाहावा. तिथे खाज किंवा लाली आली, तर ते घेऊ नये. पैठणी, रेशमी कपडे आणि मोती यांवर फवारा पडू देऊ नये, डाग पडतात आणि मोत्यांची झळाळी जाते. पहिल्यांदा घेताना लहान बाटली मिळत असेल तर तीच घ्यावी, कारण डिसेंबरच्या गारव्यात सुखावणारं गोडसर ईडीपी मे महिन्यात त्याच ऑफिसात जड होऊ शकतं. तेव्हा लिंबूवर्गीय ईडीटी बाहेर काढावं आणि ईडीपीची बाटली उन्हापासून दूर, कपाटात ठेवून द्यावी.