सिंकिंग फंड कुठे गेला?

सोसायटीच्या वार्षिक सभेत सगळ्यात जास्त वेळ जातो तो पार्किंग, गळती आणि वॉचमनच्या झोपेवर. हिशेबपत्रक मात्र दोन मिनिटांत, ‘मंजूर, मंजूर’ म्हणत पुढे जाते. इमारतीच्या म्हातारपणासाठी साठवलेल्या पैशाचा ठावठिकाणा त्याच कागदावर असतो, आणि तो वाचायला सी.ए. असावे लागत नाही.

आधी दर महिन्याचे बिल पाहू. महाराष्ट्रातल्या सोसायट्या आदर्श उपविधींनुसार चालतात आणि त्यांत प्रत्येक आकारणीची वाटणी ठरवून दिली आहे. वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, कार्यालय, ऑडिट या सेवांचा खर्च सगळ्या फ्लॅटना सारखा. फ्लॅट वन बीएचके असो की थ्री बीएचके, आकडा तोच. लहान फ्लॅटवाल्यांना हा नियम बोचतो, मोठ्या फ्लॅटवाल्यांना आवडतो, आणि वाद होतो तो एखादी कमिटी चौरस फुटावर आकारणी करायला निघते तेव्हा. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सर्वांना सारखा, तळमजल्यावर राहणाऱ्यालासुद्धा. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड मात्र वेगळे. ते फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर, म्हणजे जमिनीची किंमत वगळून, टक्केवारीने काढतात. दुरुस्तीसाठी वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के.

या दोघांत लोक नेहमी गल्लत करतात. दुरुस्ती निधी हा नेहमीच्या दुरुस्त्यांचा: पंप, पाइप, तुटलेला कठडा. सिंकिंग फंड राखायचा तो पुनर्बांधणीसाठी, इमारत मजबूत करण्याच्या कामासाठी किंवा आर्किटेक्टने प्रमाणित केलेल्या मोठ्या दुरुस्तीसाठी, आणि तोही सर्वसाधारण सभेच्या ठरावानेच खर्च करायचा. खजिनदाराला पगार द्यायला पैसे कमी पडले म्हणून त्यात हात घालता येत नाही. कागदावर तसे कोणी घालतही नाही. तरी पैसा जातो. कसा, ते एका काल्पनिक सोसायटीच्या ताळेबंदावरून पाहू.

समजा, ४० फ्लॅटची सोसायटी आहे. फ्लॅटचा बांधकाम खर्च १२ लाख. ०.२५ टक्क्याने वर्षाला ३,००० रुपये, म्हणजे बिलात महिन्याला २५० रुपये. सगळ्यांचे मिळून वर्षाचे १ लाख २० हजार होतात. बारा वर्षांत, व्याज सोडून, १४ लाख ४० हजार. ताळेबंदाच्या डाव्या बाजूला, म्हणजे देण्यांत, सिंकिंग फंड १४,४०,००० असे ठळक दिसते. सभासद समाधानाने मान डोलावतात. पण डावी बाजू सांगते ती फक्त फंड किती असायला हवा एवढेच. तो आहे का, हे उजवी बाजू सांगते.

उजवीकडे सिंकिंग फंडाच्या मुदत ठेवी दिसतात ८ लाखांच्या. ६ लाख ४० हजार कमी. मग बाकीचे पैसे कुठे? उजवीकडेच खाली जा: बचत खात्यात ६० हजार, सभासदांकडून येणे ५ लाख, आणि आजवरचा साठलेला तोटा १ लाख. बेरीज ६ लाख ६० हजार. यातल्या २० हजारांची जुळणी डावीकडच्या भागभांडवलाशी होते. राहिले नेमके ६ लाख ४० हजार. म्हणजे कोणी चोरी केलेली नाही. चार-पाच जणांनी बिले भरली नाहीत, वॉचमनचा पगार तर थांबवता येत नाही, म्हणून भरणाऱ्यांकडून आलेले २५०-२५० रुपये मुदत ठेवीत न जाता रोजच्या खर्चात गेले. तुमचा फंड शेजाऱ्याच्या थकबाकीत अडकला आहे.

हे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण उत्पन्न-खर्च पत्रक बिल काढले की उत्पन्न धरते, पैसे येवोत न येवोत. त्यामुळे एखाद्या वर्षी कागदावर शिल्लक आणि बँकेत खडखडाट, हे एकाच वेळी खरे असू शकते. आणखी एक चूक बरेचदा दिसते. सिंकिंग फंडाची आकारणी उत्पन्नात जमा करून तोटा लपवला जातो. ती उत्पन्न नव्हे. बिल निघाले की थेट ताळेबंदात फंडाच्या खात्याला जमा व्हायला हवी. उत्पन्नाच्या बाजूला ‘सिंकिंग फंड’ असा शब्द दिसला तर तिथेच थांबून विचारावे. ठेवींवरचे व्याज कुठे जमा केले, तेही विचारावे. माझ्या मते ते फंडातच वाढले पाहिजे, नाहीतर महागाईपुढे फंड दरवर्षी आक्रसत जातो.

आता ते ‘सभासदांकडून येणे ५ लाख’. हा आकडा बहुधा वजावट करून लिहिलेला असतो. आपल्या उदाहरणात खरी थकबाकी ५ लाख ८० हजार आहे, पण काही सभासदांनी ८० हजार आगाऊ भरले आहेत आणि दोन्ही एकत्र करून ५ लाख दाखवले. आगाऊ भरणारा सोसायटीचा देणेकरी नाही, उलट सोसायटी त्याचे देणे लागते. त्यामुळे येणे उजवीकडे ५,८०,००० आणि आगाऊ रकमा डावीकडे ८०,००० असे वेगळे दिसले पाहिजेत. सोबत फ्लॅटवार यादी हवी. तिची बेरीज ताळेबंदातल्या आकड्याशी जुळते का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. न जुळण्याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात: नावानिशी न नोंदलेले यूपीआय भरणे, परत आलेले चेक, जुन्या सॉफ्टवेअरमधून चुकीची ओढलेली शिल्लक.

यादीत मुद्दल आणि व्याज वेगळ्या रकान्यांत असावे, हा मुद्दा छोटा वाटला तरी पैशाचा आहे. उपविधींनुसार थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के आणि तेही सरळ व्याज लावता येते. बरीच बिलिंग सॉफ्टवेअर मागचे व्याज थकबाकीत मिसळून पुढच्या महिन्यात त्यावर पुन्हा व्याज लावतात. महिना ३,००० रुपयांचे बिल तीन वर्षे थकले, तर सरळ व्याज होते सुमारे ३३ हजार आणि चक्रवाढ ४० हजारांच्या वर. थकबाकीदार भांडत आला की ही साडेसात हजारांची चूक त्याच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा ठरते आणि खरी वसुलीही लांबते.

वसुलीचा रस्ता कायद्यात आहे. पूर्वी कलम १०१ होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी कलम १५४ब-२९ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो. पण अर्जासोबत सभासदाचा खातेउतारा लागतो आणि तो बिनचूक असावा लागतो. ज्या सोसायटीचा मुद्दल-व्याजाचा घोळ निस्तरलेला नाही, ती तिथेच अडते.

सोसायटीची सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. त्याआधी सोसायटीकडे आपला स्वतःचा खातेउतारा आणि लेखापरीक्षित ताळेबंद पाहायला मागा. तो पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. मग डावीकडचा सिंकिंग फंड आणि उजवीकडच्या त्याच्या ठेवी यांची वजाबाकी करा, आणि फरक आला तर सभेत तो आकडा मोठ्याने वाचून उत्तर मागा.