‘वर्गात बोलत नाही’ : प्रगतिपत्रकावरची एक ओळ

कर्जत-खालापूरकडच्या शाळांतून सत्र संपले की प्रगतिपत्रके घरी येतात. अम्मी आधी श्रेणी पाहते, मग खालच्या नोंदी. तिथे पुष्कळदा एकच ओळ असते : ‘वर्गात बोलत नाही, सहभाग वाढवावा.’ मूल शेजारीच उभे असते आणि तेही ती वाचते.

अशा मुलीचे एक उदाहरण घेऊ. चौथीतली मुलगी, विषय परिसर अभ्यास. आपल्याकडे 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात तिसरी-चौथीला वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाला 60 आणि सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाला 40 गुण असतात. त्या चाळिसातले 10 तोंडी-प्रात्यक्षिकाचे, 30 लेखी. आकारिकचे 60 गुण कशाला किती द्यायचे हे शिक्षक ठरवतात. समजा बाईंनी तोंडी कामाला 15, उपक्रमाला 10, चाचणीला 20 आणि स्वाध्यायाला 15 ठेवले. मुलीला मिळाले अनुक्रमे 4, 8, 18 आणि 14, म्हणजे 44. संकलितमध्ये तोंडी 3, लेखी 27. एकूण 74, श्रेणी ब-1.

आता तोंडीचे गुण बाजूला काढून पाहा. उरलेल्या 75 पैकी तिला 67 आहेत. विषय तिला कळलेला आहे. श्रेणी खाली आली ती तोंडीच्या 25 पैकी 7 गुणांमुळे, आणि ते सात गुण तिला पाण्याबद्दल काय माहीत आहे हे सांगत नाहीत. चाळीस मुलांसमोर उभे राहून ती काय बोलू शकली एवढेच सांगतात.

चाचणीत प्रश्न होता : आपल्याकडे एवढा पाऊस पडतो, तरी डोंगरावरच्या वाडीला उन्हाळ्यात पाणी का नसते? तिने लिहिले की डोंगराला उतार आहे म्हणून पाणी खाली नदीकडे पळते, खाली कातळ आहे म्हणून मुरत नाही, आणि शेवटी, ‘म्हणून मामूच्या गावची विहीर मार्चमध्ये आटते’. हे शेवटचे वाक्य कोणत्याच गाइडात सापडणार नाही. शिक्षकाने असेच पुरावे शोधायचे असतात. शंका असेल तर तोच प्रश्न शब्द बदलून, आधी न सांगता पुन्हा लिहायला द्यावा. पाठ केलेले उत्तर तिथे अडखळते, समजलेले टिकते.

तेव्हा नोंद अशी हवी : ‘पाणी का मुरत नाही याची कारणे स्वतःच्या शब्दांत, गावच्या उदाहरणासह लिहिते.’ आणि सुधारणेच्या रकान्यात : ‘लिहिलेले उत्तर मैत्रिणीला वाचून दाखवते, चार जणींच्या गटात सांगण्याचा सराव हवा.’ ‘लाजाळू’, ‘अबोल’ हे शब्द नकोत. ते मुलाच्या स्वभावावर शिक्का मारतात आणि पुढच्या वर्षीचे शिक्षक तोच शिक्का वाचून त्याला प्रश्न विचारणेच सोडतात. मात्र न बोलणे लपवूही नये. बोलणे हेही शिकायचेच कौशल्य आहे. लेखी चांगले आहे म्हणून तोंडीचे गुण फुकट वाटणे, हा दुसऱ्या टोकाचा अन्याय.

तोंडी घेण्याची रीत मात्र बदलता येते. बाईंनी मुलीला टेबलाजवळ एकटीला बोलावले, प्रश्न विचारून दहा सेकंद थांबल्या, आणि तिच्याच वहीतले वाक्य धरून ‘मग विहीर का आटते?’ असे विचारले, तर तोंडीत 15 पैकी 10 आणि 10 पैकी 7 मिळणे अवघड नाही. मग एकूण 84, श्रेणी अ-2.

पालकांकडेही शिक्षकांना माहीत नसलेली गोष्ट असते. हीच मुलगी मकतबमध्ये उस्तादांसमोर खणखणीत आवाजात सूरह म्हणते. ‘तिथे बोलते, मग शाळेत का नाही?’ असे तिला रागावू नये. पाठ असलेले म्हणणे आणि स्वतःचे वाक्य जुळवून सर्वांसमोर बोलणे, ही दोन वेगळी कामे आहेत. घरात कोकणी आणि शाळेत पुस्तकी मराठी असेल तर ते आणखी जड जाते. वाडीवरच्या कातकरी-ठाकर मुलांचीही हीच अडचण. पालकसभेत बाईंना हे सांगावे. त्यांना निदान एवढे कळेल की आवाज आहे, तो कुठे निघतो आणि कुठे अडतो.

एक अपवाद लक्षात ठेवावा. घरी भरभरून बोलणारे मूल शाळेत मैत्रिणीशीही एक शब्द बोलत नसेल, आणि शाळेचा पहिला महिना संपूनही हे महिनाभराहून अधिक चालले असेल, तर प्रगतिपत्रकावरच्या नोंदीवर भागणार नाही. आधी कान तपासून घ्यावेत, मग बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. या त्रासाचे मूळ बहुधा भीतीत असते, हट्टात नव्हे. ‘बोल, मग खाऊ देते’ असे सर्वांदेखत म्हटले की ती भीती वाढते.

आपल्या उदाहरणातल्या मुलीचे तसे नाही. ती मधल्या सुट्टीत बोलते. दुसऱ्या सत्राच्या प्रगतिपत्रकावर तिच्याबद्दल एवढेच आले तरी पुरे : ‘गटात दोनदा आपले उत्तर वाचून दाखवले. एकदा न विचारता हात वर केला.’