रिफंडची वाट आणि पंधरा दिवस

आपण तिला मुक्ता म्हणू. गोष्ट रचलेली आहे, पण हिशेब खरा आहे आणि नोकरी बदललेल्या कितीतरी पोरांच्या बाबतीत तो अस्साच घडतो.

मुक्ताची पहिली नोकरी पुण्यात, महिना सत्तर हजारांची. एप्रिल ते सप्टेंबर २०२३ तिथे काढले आणि ऑक्टोबरात ऐंशी हजारांवर दुसरीकडे गेली. नव्या कंपनीत रुजू होताना आधीच्या पगाराचा तपशील द्यायचा असतो, त्यासाठी १२बी नावाचा फॉर्म होता. तो तिने भरला नाही. त्यामुळे नव्या कंपनीच्या लेखी तिचं वर्षाचं उत्पन्न फक्त ४,८०,००० रुपये. एवढ्यावर कर बसत नाही, म्हणून टीडीएसही कापला नाही. जुन्या कंपनीने मात्र वर्षभराचा पगार गृहीत धरून सहा महिन्यांत १७,६८० रुपये कापलेले होते.

जुलै २०२४ मध्ये तिने स्वतःच रिटर्न भरलं. हातात फॉर्म १६ एकच, नव्या कंपनीचा. पगार त्यातला टाकला. टीडीएसच्या रकान्यात जुन्या कंपनीचे १७,६८० पोर्टलने आधीच भरून ठेवले होते, ते तसेच राहू दिले. पडद्यावर आकडा आला: रिफंड १७,६८०. मुक्ता खूश.

गोम इथेच आहे. ज्या पगारातून कर कापला तो पगार दाखवायचा नाही, पण कापलेला कर मात्र परत मागायचा, असं ते रिटर्न झालं. ही विसंगती खात्याच्या संगणकाला लगेच दिसते. ऑगस्टमध्ये मेल आला, कलम १३९(९) खाली रिटर्न सदोष असल्याचा. दुरुस्तीला मुदत पंधरा दिवस.

तिने तो उघडलाच नाही. ‘तुमचा रिफंड मंजूर झाला, इथे क्लिक करा’ छापाचे फसवे मेल इतके येतात, की हाही त्यातलाच वाटला. संशय योग्यच होता. पण संशय आला तर मेलमधल्या लिंकला हात न लावता स्वतः incometax.gov.in वर जाऊन Pending Actions खाली e-Proceedings बघायचं असतं. खरी नोटीस तिथे असतेच. शिवाय नोटिशीवरचा डीआयएन क्रमांक टाकून ती खात्याचीच आहे का, हे लॉगिन न करताही तपासता येतं.

डिसेंबर उजाडला तरी रिफंड नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या मामांना तिने विचारलं. “अगं, आधी लॉगिन करून बघ तरी!” नोटिशीची पीडीएफ पासवर्ड मागत होती, तो म्हणजे लहान अक्षरांतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, या धाटणीचा:

```
abcde1234f01012001
```

मुदत केव्हाच उलटली होती आणि रिटर्न अवैध ठरलं होतं. म्हणजे कायद्याच्या नजरेत तिने ते भरलंच नव्हतं.

“आता?”

“आता उशिराचं रिटर्न. एकतीस डिसेंबरच्या आत.”

जुन्या कंपनीच्या एचआरला मेल टाकून पहिला फॉर्म १६ मागवला. दोन्ही पगार मिळून नऊ लाख. त्या वर्षी पन्नास हजारांची असलेली प्रमाणित वजावट दोन्ही नोकऱ्यांसाठी मिळून एकदाच मिळते. ती जाऊन उरले साडेआठ लाख. त्या वर्षीच्या नव्या करप्रणालीत यावर उपकरासह ४१,६०० रुपये कर होतो. कापलेले १७,६८० वजा केले, तरी २३,९२० भरायचे राहिले. त्यावर विलंब शुल्क ५,००० आणि व्याज साधारण साडेचार हजार.

वेळेत उत्तर दिलं असतं तर वरचा कर काही चुकला नसता, कारण तो मुळात देणं होताच. पण विलंब शुल्क वाचलं असतं, कारण मुदतीत दुरुस्त केलेलं रिटर्न मूळ तारखेचंच धरतात. व्याजही थोडं कमी झालं असतं.

आधी पैसे भरायचे, मग रिटर्न. पोर्टलवरच्या e-Pay Tax मधून तिने स्वयंनिर्धारण कराचं चलन काढलं आणि करनिर्धारण वर्ष २०२४-२५ आहे ना, हे दोनदा तपासलं. वर्ष चुकलं तर पैसे भलत्याच खात्यावर जमा दिसतात आणि मागणी तशीच उभी राहते. चलनाचा क्रमांक रिटर्नमध्ये टाकला, या वेळी दोन्ही कंपन्यांचे पगार दाखवले आणि आधारच्या ओटीपीने लगेच पडताळणी केली. हे शेवटचं पाऊल तीस दिवसांत उरकावंच लागतं.

१७,६८० रुपये मिळतील म्हणून थांबलेल्या मुक्ताने शेवटी साधारण साडेतेहतीस हजार भरले. तुम्हीही वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली असेल, तर रिटर्न भरण्याआधी दोन्ही फॉर्म १६ हातात घ्या आणि भरल्यावर महिना-दोन महिने e-Proceedings कडे अधूनमधून नजर टाकत राहा.