दोन गोळ्या, दोन कुलपे

अँजिओप्लास्टी करून घरी आलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीत बहुतेक वेळा दोन गोळ्या हमखास असतात: अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. घरात दोन्हींना एकच नाव मिळते, 'रक्त पातळ करायच्या गोळ्या'. मग प्रश्न पडतो की काम एकच असेल तर गोळ्या दोन कशाला? आणि दात काढायचा असेल तर चार दिवस दोन्ही बंद ठेवल्या तर काय बिघडले? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर रक्तातल्या एका अतिशय लहान घटकात आहे.

तो घटक म्हणजे बिंबिका, अर्थात प्लेटलेट. एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते चार लाख प्लेटलेट असतात. रक्तवाहिनीचे आतले अस्तर शाबूत असेल तोवर त्या शांतपणे वाहत राहतात. अस्तर फाटले की खालचा कोलॅजेनचा थर उघडा पडतो आणि प्लेटलेट त्याला जाऊन चिकटतात. ही पहिली पायरी.

पण नुसत्या चिकटलेल्या चार प्लेटलेटनी भोक बुजत नाही, आणखी कुमक बोलवावी लागते. चिकटलेली प्लेटलेट त्यासाठी दोन प्रकारची हाक देते. एक म्हणजे तिच्या पोटातल्या पिशव्यांत आधीपासून साठवलेले एडीपी नावाचे रसायन ती बाहेर सोडते. दुसरे म्हणजे थ्रॉम्बोक्झेन हे रसायन ती त्याच क्षणी नव्याने तयार करते. या हाका ऐकून शेजारून जाणाऱ्या प्लेटलेट जाग्या होतात, आकार बदलतात आणि स्वतःही तशाच हाका देऊ लागतात. शेवटच्या पायरीत त्यांच्या पृष्ठभागावरचे पकडीसारखे रेणू उघडतात, फायब्रिनोजेनच्या धाग्यांनी प्लेटलेट एकमेकींना बांधल्या जातात आणि गुठळी तयार होते. बोट कापले तर हीच गुठळी जीव वाचवते. हृदयाच्या तीनेक मिलिमीटर रुंदीच्या धमनीत झाली तर हृदयविकाराचा झटका येतो.

अ‍ॅस्पिरिन यातली एकच हाक बंद करते. थ्रॉम्बोक्झेन बनवण्यासाठी प्लेटलेटला कॉक्स-१ हे विकर लागते. अ‍ॅस्पिरिन त्या विकराला कायमची चिकटते आणि त्याचा मार्ग बुजवते. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे या कुळातली रसायने बनू देत नाहीत, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. १९८२ च्या नोबेल पुरस्काराच्या मानकऱ्यांत ते होते.

क्लोपिडोग्रेल दुसऱ्या हाकेच्या वाटेत येते. एडीपी बाहेर पडते, पण ते ऐकणारा कान प्लेटलेटच्या पृष्ठभागावर असतो. पी२वाय१२ असे त्याचे नाव. क्लोपिडोग्रेल तो कान बंद करते, तेही कायमचा. म्हणजे अ‍ॅस्पिरिन हाक देणाऱ्याचे तोंड धरते, तर क्लोपिडोग्रेल ऐकणाऱ्याचे कान. एकच गोळी घेतली तर दुसरी वाट उघडी राहते. स्टेंट ही धमनीतली धातूची नवी जाळी असते. तिच्यावर अस्तराची पातळ साय चढेपर्यंत प्लेटलेटना ती जखमेसारखीच भासते, म्हणून त्या काळात दोन्ही वाटांना कुलूप लागते.

'कायमचे' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. अ‍ॅस्पिरिन रक्तातून फार लवकर जाते, वीसेक मिनिटांत तिचे प्रमाण निम्मे होते. तरी दिवसाला ७५ मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. कारण प्लेटलेटला केंद्रक नसते. बंद पडलेल्या विकराच्या जागी नवे बनवणे तिला जवळपास जमत नाही. ती उरलेले आयुष्य, म्हणजे सात ते दहा दिवस, तशीच काढते. मात्र अस्थिमज्जा रोज सुमारे दहा टक्के नव्या, कुलूप न लागलेल्या प्लेटलेट रक्तात सोडत असते. रोजची गोळी असते ती या नव्या भरतीसाठी.

आता दाताचा हिशेब मांडून पाहू. समजा, ५८ वर्षांच्या एका गृहस्थांना झटक्यानंतर स्टेंट बसून तीन महिने झाले आहेत आणि दाढ काढायची आहे. रक्त थांबणार नाही या भीतीने ते कोणालाही न विचारता पाच दिवस आधी दोन्ही गोळ्या बंद करतात. पाचव्या दिवशी त्यांच्या रक्तातल्या जवळपास निम्म्या प्लेटलेट नव्या, पूर्ण ताकदीच्या असतात. दाढ निघते आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या पुन्हा सुरू होतात. पण क्लोपिडोग्रेलची रोजची ७५ मिलिग्रॅमची मात्रा पूर्ण परिणामाला पोहोचायला तीन ते सात दिवस घेते. म्हणूनच रुग्णालयात सुरुवातीला ३०० किंवा ६०० मिलिग्रॅम एकदम देतात. म्हणजे 'फक्त पाच दिवस' वाटलेला खंड प्रत्यक्षात दहा-बारा दिवसांचा होतो, आणि अर्धवट झाकलेला स्टेंट तेवढे दिवस पुरेशा संरक्षणाविना राहतो. स्टेंटमध्ये अचानक गुठळी झाली तर ती जीवघेणी ठरू शकते. याउलट दाढेचे रक्त जास्त वेळ वाहिले तरी तिथे कापसाचा बोळा दाबता येतो, टाका घालता येतो. म्हणून साध्या दातासाठी या गोळ्या सहसा थांबवत नाहीत. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी थांबवतात, पण तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी मिळून घ्यायचा असतो.

कुलपे कधी कधी नीट लागतही नाहीत. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातली विकरे, विशेषतः सीवायपी२सी१९, तिला कामाचे रूप देतात. हे विकर जन्मतःच मंद असलेली माणसे भारतात बरीच आहेत. त्यांच्यात गोळी रोज घेऊनही परिणाम कमी पडू शकतो. अ‍ॅसिडिटीसाठीचे ओमेप्राझोल हेच विकर अडवते, म्हणून त्याऐवजी बऱ्याचदा पँटोप्राझोल देतात. टिकाग्रेलर हे औषध तोच कान बंद करते, पण त्याला यकृताची वाट पाहावी लागत नाही. मात्र त्याचे कुलूप कायमचे नसते, म्हणून ते दिवसातून दोनदा घ्यावे लागते. अ‍ॅस्पिरिनच्या वाटेत येते ती आयबुप्रोफेन. गुडघेदुखीसाठी ती आधी घेतली तर कॉक्स-१ मध्ये ती जागा अडवून बसते आणि अ‍ॅस्पिरिनला आत शिरता येत नाही. म्हणून दुखण्याची कोणतीही गोळी दुकानातून परस्पर आणण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

दोन वाटा बंद झाल्या तरी थ्रॉम्बिनसारखे इतर इशारे प्लेटलेटना जागे करतच राहतात. त्यामुळे रक्त गोठायचे पूर्ण थांबत नाही, फक्त जास्त वेळ लागतो. हातावर निळे डाग किंवा दाढी करताना लांबलेले रक्त हा त्याचाच भाग. पण डांबरासारखी काळी, चिकट शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर ते जठरातल्या रक्तस्रावाचे लक्षण असू शकते. अचानक तीव्र डोकेदुखी झाली तर मेंदूतल्या रक्तस्रावाची शंका घ्यावी लागते. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे. रक्तस्रावाचा हा धोका असतो म्हणूनच दुसरी गोळी कायमची नसते. झटक्यानंतर ती साधारण वर्षभर आणि ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर सहा महिने देतात, रक्तस्रावाची भीती जास्त असेल तर त्याहूनही कमी. त्यानंतर बहुतेकांना एकच गोळी पुढे चालू ठेवावी लागते. दोन्हींपैकी कोणती गोळी कधी थांबवायची, याची तारीख रुग्णालयातून घरी निघतानाच चिठ्ठीवर लिहून घ्यावी.