दहा वर्षांची नोकरी, चार ओळींचे आभार

केळशीचा आमचा भाचा दुबईत एका कापड कंपनीचे गोदाम सांभाळतो. नोकरीला दहा वर्षे झाली म्हणून लिंक्डइनवर टाकायचा मजकूर त्याने आम्हांला दाखवला: "दहा वर्षांच्या मेहनतीने मी हे गोदाम उभे केले. कंपनीचा व सर्व सहकाऱ्यांचा आभारी आहे."

आम्ही विचारले, "पहिली मोठी चूक कोणी निस्तरली?"

"मामू, स्टोअरकीपर चाचांनी. एकाच रंगाचे दोन लॉट मी मिसळले. छटेत फरक, गिऱ्हाईकाने माल परत केला. चाचा रात्रभर माझ्याबरोबर थान निवडत बसले. मालकांनी पगार कापला नाही."

"मग हेच लिही."

नवा मजकूर असा झाला: "पहिल्या वर्षी मी दोन लॉट मिसळले. चाचांनी रात्रभर थांबून ते वेगळे करायला शिकवले, मालकांनी चूक पोटात घातली. आज नव्या मुलांना मी आधी लॉट नंबर वाचायला शिकवतो."

'सर्वांचे आभार' कोणालाच पोहोचत नाहीत. एका माणसाचे एक काम सांगितले की पोहोचतात. लिंक्डइनवर सुरुवातीच्या दोनतीन ओळीच दिसतात, पुढचे उघडावे लागते. म्हणून चाचा वरच हवेत. नाव घालण्यापूर्वी त्यांना विचारावे. गिऱ्हाईकाचे नाव, भाव, उलाढाल लिहू नये. ती मालकाची अमानत आहे. मालकाची स्तुतीही एका ओळीपुरती, नाहीतर पगारवाढीचा अर्ज वाटतो.

शेवटी 'मी' किती वेळा आला ते मोजावे. चुकीपाशी आणि शिकण्यापाशी आलेला 'मी' खटकत नाही. यशापाशी आलेला खटकतो.