फ्युचर महाग का दिसतो?

निफ्टी 24,000 वर असेल, तर महिनाभराच्या मुदतीचा फ्युचर 24,128 च्या आसपास दिसू शकतो. हा 128 अंशांचा फरक म्हणजे बेसिस. त्यात तेजीचं भाकीत शोधू नका. ते मुख्यतः व्याज आहे. निर्देशांकातले शेअर आज रोखीने घेतले, तर पैसे अडकतात आणि साडेसहा टक्क्यांनी 30 दिवसांचं व्याज एवढंच होतं. त्या काळात लाभांश मिळणार असेल, तर फरक तेवढा घटतो. मुदत संपताना तो शून्यावर येतो.

तेजीचा सौदा पुढे न्यायचा, म्हणजे रोलओव्हर करायचा, तर चालू महिन्याचा फ्युचर विकून पुढचा घ्यावा लागतो, पुन्हा सव्वाशेक अंश जास्त मोजून. महिनाभर निर्देशांक जागचा हलला नाही, तर दलाली वेगळी, पण हे अंशही गेलेच समजा.