पिवळटपणावर जांभळा, तांबूसपणावर निळा

जांभळ्या शाम्पूची बाटली पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला वाटतं की याने केस जांभळे होणार. प्रत्यक्षात ते काम धोतराला दिलेल्या निळीसारखं आहे. कापड पिवळट पडलं की निळीच्या पाण्यातून काढायचं, की ते पांढरं दिसतं. मळ गेलेला नसतो, पिवळा रंग फक्त दबलेला असतो.

केस पिवळा दिसतो, कारण त्यावर पडलेल्या प्रकाशातला निळा-जांभळा भाग तो गिळतो आणि बाकीचा परत पाठवतो. जांभळं रंगद्रव्य नेमकं उलट करतं, पिवळ्या बाजूचा प्रकाश गिळतं. दोन्ही मिळून सगळे रंग साधारण सारखे परत येतात आणि डोळ्याला रुपेरी किंवा राखाडी छटा दिसते. यात एक गोष्ट बाटलीवर लिहिलेली नसते. केस उजळत नाही, उलट किंचित गडद होतो, कारण परत येणारा एकूण प्रकाश कमी झालेला असतो. निळ्या शाम्पूचंही तत्त्व हेच, फक्त तो नारिंगी-तांबूस छटा दाबतो.

हे रंग तयार स्वरूपातले असतात. कायमच्या डायसारखी पेरॉक्साइडची प्रक्रिया त्यात नाही, रंग केसाच्या पृष्ठभागाशी चिकटतो आणि पुढच्या काही धुण्यांत उतरतो. ब्लीच केलेला केस सच्छिद्र असतो आणि त्यावर ऋण विद्युतभारही जास्त असतो, म्हणून असा केस हे रंग अधाशासारखे ओढतो. टोकं मुळांपेक्षा जास्त जांभळी होतात ती यामुळेच.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, साठीतल्या एका बाईंनी डाय सोडला आणि केस पूर्ण पांढरे होऊ दिले. वर्षभरात कपाळाजवळच्या बटा पिवळट दिसू लागल्या. पांढऱ्या केसात स्वतःचं रंगद्रव्य नसतं, त्यामुळे ऊन, सिगारेटचा धूर, बोअरच्या पाण्यातलं लोह आणि पिवळसर तेल यांचा डाग लगेच दिसतो. यांनी थेट जांभळा शाम्पू लावला तर फसगत होईल. तेलकट केसावर रंग एकसारखा बसत नाही. आधी साध्या शाम्पूने तेल पूर्ण काढायचं. पाण्यातल्या क्षारांचा थर असेल तर तो काढणारा वेगळा शाम्पू मिळतो, तो एकदा वापरायचा. कधीकधी पिवळटपणा इथेच निम्मा जातो. मग दिवसाउजेडी केसांमागे पांढरा कागद धरून बघायचं. तरीही पिवळी झाक दिसली, तर ओल्या केसांवर जांभळा शाम्पू फेसाळून दोन-तीन मिनिटं ठेवायचा, धुवायचा आणि कंडिशनर लावायचा. आठवड्यातून एकदा पुरे. पहिल्या वेळी मागची एक बट करून बघावी. केसांना फिकट जांभळी झाक आली तर घाबरायचं कारण नाही, साध्या शाम्पूने काही धुण्यांत ती उतरते. हातमोजे मात्र घालावेत, नखांच्या कडेचा रंग लवकर जात नाही.

पांढऱ्या केसांवर निळा शाम्पू मात्र नको. निळा आणि पिवळा एकत्र आले की हिरवट छटा येते, आणि ती जांभळ्यापेक्षा फार वाईट दिसते.

निळा शाम्पू आपल्याकडे कामाचा आहे तो पार्लरमध्ये हायलाइट्स करून घेतलेल्यांना. आपला काळा केस ब्लीच करताना आधी तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा होत जातो. बहुतेकांचे हायलाइट्स मधल्याच टप्प्यावर थांबतात आणि वरचा सुंदर तपकिरी टोनर उतरला की खालचा पितळी नारिंगी रंग वर येतो. तिथे निळा शाम्पू. केस ब्लीच करून केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतके फिकट पिवळे केले असतील, तरच जांभळा. दुकानदार दोन्ही बाटल्या एकाच कामाच्या म्हणून विकतो, पण निवड आपल्या केसाकडे बघूनच व्हायला हवी.

मेंदीने केशरी झालेल्या पांढऱ्या केसांसाठीही निळा शाम्पू मागितला जातो. मेंदीचा रंग केसातल्या केराटिनला घट्ट धरतो आणि खूप गडद असतो. शाम्पूतला चिमूटभर निळा रंग त्याच्यापुढे टिकत नाही, फार तर केशरी थोडा मळकट होतो. मेंदीवर गडद तपकिरी हवा असेल तर पारंपरिक उपाय नीलाच्या पाल्याची पूड हाच आहे. आणि ज्यांचे केस काळे आहेत किंवा काळ्या डायने रंगवले आहेत, त्यांनी ही बाटली घेऊच नये, कारण काळ्यावर हे रंग दिसतच नाहीत.